ताई आणि मॅडम

रात्री सव्वानऊला मोबाइल वाजला. व्हॉट्सॲपवर मेसेज होता : "ताई, रोलरचं काय झालं? बेल्ट उभा आहे ना जी." मी लिहिलं, "उद्या दुपारी गाडी सुटते साहेब, नक्की." त्यावर हात जोडलेलं चित्र आलं आणि बोलणं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला त्याच माणसाचा ईमेल आला. इंग्रजीत होता, सुरुवात 'डिअर सर ऑर मॅडम' अशी. त्याचा मराठीत अर्थ असा : वारंवार आठवण देऊनही पुरवठा झालेला नाही, ही बाब गांभीर्याने घेण्यात आली आहे; विलंबामुळे होणाऱ्या उत्पादनाच्या नुकसानीस पुरवठादार जबाबदार राहील.

मला तेव्हा नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती. तो ईमेल वाचून मला रडू आलं होतं. रात्री ताई म्हणणारा माणूस सकाळी असं कसं लिहू शकतो, हेच कळेना. चिडून मीही तसंच उत्तर लिहिलं, तीन परिच्छेदांचं, आणि पाठवून दिलं. अर्ध्या तासात साहेबांचा फोन आला. आवाज रात्रीचाच होता. "ताई, तुम्ही मनावर घेतलं का? तो मेल तुमच्यासाठी नव्हता हो."

मग कोणासाठी होता? मी तो पुन्हा उघडला आणि पहिल्यांदाच 'सीसी'ची ओळ नीट वाचली. तिथे पाच नावं होती. खरेदी विभागाचे प्रमुख, भांडाराचे अधिकारी, देखभालीचे वरिष्ठ, आणखी दोघं. बेल्ट उभा होता, तो का उभा आहे हे वरून विचारलं जात होतं, आणि 'मी पाठपुरावा केला आहे' हे साहेबांना त्या पाच जणांना दाखवायचं होतं. माझं नाव वर होतं खरं, पण बोलणं माझ्याशी नव्हतंच. त्या दिवसापासून कोणताही ईमेल आला की मी मजकुराआधी सीसी वाचते. चौदा वर्षं झाली, ही सवय सुटलेली नाही.

मी राहते ऊर्जानगरला आणि काम करते चंद्रपूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात. आम्ही कन्व्हेयर बेल्टखाली फिरणारे रोलर बनवतो. कोळसा, चुनखडी, क्लिंकर असं जे काही पट्ट्यावरून जातं, त्याचं ओझं हे रोलर पेलतात. आमच्या जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र असल्यामुळे बेल्टला तोटा नाही. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. भाऊ यंत्रावर, मी कागदावर. कोटेशन, ऑर्डर, बिल, पाठपुरावा, तक्रार, सगळं माझ्याकडून जातं. इथे ज्या ग्राहकाबद्दल लिहिते आहे तो वर्धा नदीपलीकडचा एक सिमेंट कारखाना आहे. त्याचं नाव घेत नाही, कारण झालेल्या चुकांत माझा वाटा मोठा होता.

बोलणं आणि लिहिणं यांतला हा फरक खरं तर मी लहानपणापासून घरात पाहत होते. फक्त ओळखला नव्हता. माझे बाबा वीजकेंद्रात ऑपरेटर होते. २१० मेगावॅटच्या जुन्या संचावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. शिफ्टवरून आले की ते कंट्रोल रूममधल्या गोष्टी सांगत. फोनवर खालच्या माणसाला म्हणायचं, "अरे, ती सी मिल घे बाहेर लवकर, आवाज करून राहिली." आणि त्याच वेळी लॉगबुकात लिहायचं : २२.१० वाजता कोळसा मिल 'सी' असाधारण आवाजामुळे बंद केली. यांत्रिकी विभागास कळवले. लॉगबुकात 'अरे' नाही, 'लवकर' नाही, पण वेळ आहे, कारण आहे आणि कोणाला सांगितलं ते आहे. ते लिहिलेलं पुढच्या शिफ्टचा माणूस वाचणार, आणि काही बिघडलंच तर वर्षभराने चौकशीला आलेला माणूसही वाचणार. परमिटचं तर आणखी कडक. यंत्र बंद आहे असं कोणी कितीही ओरडून सांगितलं, तरी परमिटच्या कागदावर सही झाल्याशिवाय त्यावर हात लावायचा नाही. बाबा म्हणायचे की फोनवर बोलतो तो ओळखीचा माणूस असतो आणि लॉगबुक वाचणारा अनोळखी असतो. मला हे ऐकून पाठ होतं, आणि तरी मी साठ रोलरांची ती चूक केलीच.

ऑर्डर होती १२०० मिलिमीटर रुंदीच्या बेल्टसाठी ६० कॅरिंग रोलरची. व्यास १३९.७, लांबी ४६५. ही मापं या धंद्यात ठरलेली आहेत, त्यात वाद नसतो. वाद होतो तो शाफ्टच्या टोकांवरून. रोलरचा शाफ्ट फिरत नाही, वरचा पाइप तेवढा फिरतो. शाफ्ट फिरू नये म्हणून त्याची दोन्ही टोकं दोन बाजूंनी सपाट कापतात आणि ती टोकं बेल्टच्या चौकटीतल्या खाचेत बसवतात. सपाट बाजूंमधलं अंतर आणि खाचेची रुंदी जुळलीच पाहिजे. ऑर्डरसोबतच्या ड्रॉइंगमध्ये हे अंतर १८ मिलिमीटर होतं.

एका संध्याकाळी सात चाळीसला साहेबांचा मेसेज आला. चौकटीचा फोटो, वर मोजपट्टी धरलेली, आणि खाली रोमन लिपीतल्या मराठीत एक ओळ : "ताई, या लाइनला जुन्या फ्रेम आहेत, खाच २२ ची आहे. रोलर २२ चेच करा." मी लिहिलं, "हो साहेब." भाऊंना फोटो दाखवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी मिलिंगवर साठच्या साठ शाफ्ट २२ ला कापून घेतले. माझ्या डोक्यात काम झालं होतं. सांगणारा माणूस त्या लाइनचा प्रमुख, फोटो समोर, मापात शंका नाही. आणखी काय हवं?

माल पोचला आणि भांडाराने परत केला. त्यांच्या हातात ड्रॉइंग होतं, त्यात १८ होतं, आणि टोकं २२ ची होती. भांडाराचा माणूस त्याच्या जागी पूर्ण बरोबर होता. त्याने साहेबांचा मेसेज पाहिलेला नव्हता, आणि दाखवला असता तरी त्याला तो चालला नसता. ऑर्डरमध्ये बदल करायचा अधिकार खरेदी विभागाचा, देखभालीच्या इंजिनिअरचा नाही. आमच्यापुढे मोठाच पेच होता. २२ चं टोक पुन्हा कापून १८ चं करणं अर्ध्या दिवसाचं काम. पण मग ते त्या लाइनवरच्या २२ च्या खाचेत ढिलं बसणार, शाफ्ट हलत राहणार, चौकट झिजणार, आणि तीन महिन्यांत तेच साहेब तेच रोलर परत पाठवणार. शिवाय १८ चं पुन्हा २२ करता येत नाही. कापलेलं लोखंड परत येत नसतं.

तेव्हा मी जे केलं ते आजही आठवलं की जीव खालीवर होतो. मी साहेबांच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला, ईमेलला जोडला आणि आधीच्या ईमेलमधल्या सगळ्या सीसींना पाठवून दिला. सोबत दोन ओळी : आपल्या अधिकाऱ्याच्या लेखी सूचनेनुसारच माल बनवला आहे, तरी स्वीकारावा. शब्द सभ्य होते. खोटं काही नव्हतं. पण त्या चित्रात मोजपट्टीचा फोटो होता तसा 'ताई' हा शब्दही होता, संध्याकाळची वेळ होती, आणि त्याच्या वर आदल्या आठवड्यातलं एक वाक्य अर्धवट दिसत होतं, ज्यात साहेबांनी त्यांच्या खरेदी विभागाबद्दल काहीतरी वैतागून लिहिलं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं. खरेदी विभागाने पाहिलं.

पुढे सात आठवड्यांनी ऑर्डरची दुरुस्ती आली, रोलर घेतले गेले, पैसेही मिळाले. कागदावर आम्ही जिंकलो. साहेबांकडून मात्र लेखी खुलासा मागवला गेला, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्यानंतर त्यांनी मला एकही मेसेज केला नाही. जे काही यायचं ते ईमेलने, आणि त्यात 'मॅडम' असायचं. आधी बेल्ट बंद पडायच्या बेतात असतानाच मला कळायचं, "ताई, पुढच्या महिन्यात चाळीस लागतील असं वाटतं," आणि आम्ही बेअरिंग, पाइप मागवून ठेवायचो. आता अधिकृत मागणी आल्यावरच कळायचं. तोवर दुसऱ्या कोणाचा तरी माल तयार असायचा.

मेसेज खासगी असतो असं मी म्हणत नाही. तो धंद्याचाच असतो. पण त्यात माणूस आपल्या खुर्चीवरून थोडा खाली उतरून बोललेला असतो. ते बोलणं जसंच्या तसं उचलून त्याच्या वरिष्ठांसमोर ठेवणं म्हणजे बाबांच्या कंट्रोल रूममधलं "अरे, लवकर" लॉगबुकात लिहिण्यासारखं आहे. नोंद करायची असते ती झालेल्या गोष्टीची. बोलणाऱ्याचा सूर त्यात आणायचा नसतो.

त्या साठ रोलरांच्या वेळी मी काय करायला हवं होतं, हे नंतर मी कागदावर लिहून काढलं. सात चाळीसला मेसेज आला. "हो साहेब" हे उत्तर चुकीचं होतं, कारण आपल्याकडे 'हो'चे दोन अर्थ होतात. ऐकलं, हा एक. मान्य, हा दुसरा. समोरच्याला दुसरा ऐकू जातो. मी आता लिहिते : "फोटो मिळाला साहेब. २२ समजलं. ड्रॉइंगमध्ये १८ आहे, म्हणून एक छोटा मेल टाकते, त्याला होकार आला की कापायला घेतो." या मेसेजमध्ये मी त्यांना अडवत नाही, त्यांचं बोलणं खोडत नाही, पण काम कुठे थांबलं आहे हे त्यांना कळतं. मग लगेच ईमेल. विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक आणि 'शाफ्टच्या टोकाचं माप, खुलासा' एवढंच. मजकूर पाच वाक्यांचा : वरील ऑर्डरमधील ६० रोलरसाठी जोडलेल्या ड्रॉइंगमध्ये टोकाचं माप १८ मिलिमीटर आहे. आज आपल्याकडून मिळालेल्या माहितीनुसार प्रत्यक्ष जागेवरील चौकटींची खाच २२ मिलिमीटर आहे. माप २२ करून उत्पादन सुरू करण्यास लेखी मान्यता आणि ऑर्डरमधील दुरुस्ती मिळावी. मान्यता मिळेपर्यंत टोकं कापण्याचं काम थांबवलं आहे. बाकी काम सुरू आहे.

या ईमेलमध्ये साहेबांचं नाव नाही. 'आपण सांगितलंत' नाही, 'आपल्याकडून मिळालेल्या माहितीनुसार' आहे. कारण हा ईमेल खरेदी विभाग वाचणार. 'सांगितलंत' म्हटलं की बोट एका माणसाकडे जातं. 'माहिती मिळाली' म्हटलं की लक्ष मापाकडे राहतं. आणि शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते. काम थांबवलं आहे, पण सगळं नाही, हे कळलं की वाचणाऱ्याला उत्तर द्यायची घाई होते आणि रागही येत नाही.

कर्तरी-कर्मणीचा हा खेळ मला फार उशिरा कळला. शाळेत प्रयोग शिकले होते, उपयोग इथे कळला. मेसेजमध्ये मी कधीही 'पाठविण्यात येईल' लिहीत नाही. त्या दोन शब्दांनी समोरच्याला वाटतं की ही बाई रागावली आहे. तिथे 'पाठवते' किंवा 'पाठवतो आम्ही'. ईमेलमध्ये उलटं. तिथे 'मी पाठवते' म्हटलं तर तो माझा वैयक्तिक शब्द होतो, कारखान्याचा नाही. मी रजेवर गेले तर तो कोणी पाळायचा? पण कर्मणीत लपताही येतं, हेही खरं. 'लवकरच पाठविण्यात येईल' या वाक्यात कोण नाही, कधी नाही, किती नाही. म्हणून मी स्वतःला एक बंधन घातलं आहे : ईमेलमध्ये 'येईल' लिहिलं तर त्याच वाक्यात तारीख आणि संख्या असली पाहिजे.

'आपण' या शब्दाने तर आम्हाला एकदा गाडीभाड्याला बुडवलं. इंग्रजी ईमेलमध्ये ही अडचण येत नाही. पण मेसेज मराठीत. तातडीचा माल होता, नेहमीची गाडी मिळत नव्हती, स्वतंत्र गाडी करावी लागणार होती. मी विचारलं, "साहेब, गाडीचा खर्च?" उत्तर आलं, "ते आपण बघू." मी वाचलं : कंपनी बघेल. त्यांच्या मनात होतं : नंतर मिळून ठरवू. स्वतःपुरतं म्हणतात तेही आपण आणि तुम्ही-आम्ही मिळून म्हणतात तेही आपण. बोलताना आवाजावरून कळतं, लिहिताना कळत नाही. 'बघू' हा तर शब्दच असा की त्याला होकारही म्हणता येत नाही आणि नकारही. भाडं आमच्याकडे राहिलं. आता पैशाच्या बाबतीत मेसेजमध्येही मी 'आपण' टाळते. "भाडं कंपनीकडे की आमच्याकडे?" असं विचारते. थोडं रोखठोक वाटतं, पण पुढे 'साहेब' असतं, त्याने ते निभावतं.

मेसेज हलका असतो म्हणून तो बांधील करत नाही, असा एक समज मी बऱ्याच लहान कारखानदारांत पाहिला. तो धोकादायक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक रूपात झाला एवढ्यावरून तो अवैध ठरत नाही. ईमेलवरच्या देवाणघेवाणीतूनच पक्का करार झाला, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बॉक्साइटच्या व्यवहारात, ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात सांगितलं. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली हे निळ्या खुणांवरून दिसतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मानलं. आणि कॅनडातल्या सॅस्कॅचेवन प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोवर अंगठ्याचं चित्र पाठवलं, ते न्यायालयाने २०२३ मध्ये सही म्हणून धरलं. माल दिला नाही म्हणून त्याला ८२ हजार कॅनडियन डॉलरहून जास्त भरावे लागले. त्याचं म्हणणं होतं की अंगठा म्हणजे 'करार मिळाला' एवढंच. म्हणजे माझ्या 'हो साहेब'चीच गोष्ट. तेव्हापासून कोणी दर किंवा मुदत लिहून पाठवली तर मी नुसता अंगठा पाठवत नाही. "मिळालं, भाऊंना दाखवून सांगते," असं शब्दांत लिहिते.

तरीही मेसेजवर विसंबून राहता येत नाही, याचं कारण कायद्यापेक्षा साधं आहे. तो साहेबांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असतो. त्यांची बदली होते, मोबाइल बदलतो, कोणी आपोआप पुसले जाणारे मेसेज सुरू करतं. न्यायालयात मेसेजचा छापील कागद द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. साठ रोलरांसाठी कोण तिथवर जाणार? कंपनीच्या ईमेलचं तसं नाही. साहेब गेले तरी त्यांच्या जागी आलेला माणूस विषयाची ओळ शोधून मागचं सगळं वाचू शकतो.

मग मेसेज कशासाठी? मला वाटतं, वाईट बातमीसाठी. जुलै २०२२ मध्ये चंद्रपुरात पूर आला होता. इरई आणि वर्धा दोन्ही नद्या फुगल्या होत्या आणि बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरच्या पुलावरून वाहतूक बंद झाली होती. आमची भरलेली गाडी अलीकडे अडकली. जुन्या सवयीने मी आधी ईमेल लिहायला घेतला होता : नैसर्गिक आपत्तीमुळे पुरवठ्यास विलंब होत आहे. मग थांबले. हा ईमेल सीसीतल्या वरिष्ठांनी साहेबांच्या आधी उघडला तर? (तोवर नवे साहेब आले होते.) त्यांना त्यांच्याच मालाची बातमी दुसऱ्याकडून कळेल. मी ड्रायव्हरने पाठवलेला पाण्याचा फोटो त्यांना पाठवला आणि लिहिलं, "साहेब, गाडी अलीकडे उभी आहे, पूल बंद. ड्रायव्हर सुखरूप. दहा मिनिटांत मेल टाकते, तुमच्याकडे काही अडत असेल तर आधी सांगा." उत्तर आलं, "ताई, मेलमध्ये किती नग गाडीत आहेत ते टाका, म्हणजे मी शटडाउनची तारीख सरकवून घेतो." मी ईमेलमध्ये ती संख्या टाकली, पूल कुठला ते टाकलं, पूल सुरू झाल्यावर किती तासांत गाडी पोचेल ते टाकलं. ड्रायव्हर सुखरूप आहे हे टाकलं नाही. ते साहेबांसाठी होतं. फोटो मात्र जोडला. बारा ओळींच्या त्या ईमेलला तक्रारीचं एक अक्षर उत्तर आलं नाही, कारण तो जाण्याआधी त्यात काय हवं ते मला मेसेजवर कळलं होतं.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. कडक ईमेल पाठवायचा असेल तर आधी मेसेज. विशेषतः पैशाचा. बिलाची मुदत टळली की पहिल्या आठवड्यात फक्त मेसेज : "साहेब, त्या मार्चच्या बिलाचं जरा अकाउंट्सला विचारता का?" बिल क्रमांकसुद्धा लिहीत नाही, ते विचारतात तेव्हा देते. दुसऱ्या खेपेला ईमेल, त्यात बिल क्रमांक, तारीख, रक्कम, माल मिळाल्याची तारीख, देय तारीख; विशेषण एकही नाही. कायदा तिसऱ्या खेपेला, आणि तोही फक्त ईमेलमध्ये. सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, हे २००६ च्या कायद्यात आहे. हे वाक्य मी एकदा मेसेजमध्ये लिहिलं होतं. साहेबांना ती धमकी वाटली. तेच वाक्य ईमेलमध्ये हिशेब विभागाने वाचलं आणि त्यांना ती माहिती वाटली. उलट आयकर कायद्यानुसार अशी थकबाकी वेळेत दिली नाही तर त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, हा नियम लागू झाल्यापासून हिशेब विभाग स्वतःच ईमेल करून आमचं उद्यम प्रमाणपत्र मागायला लागला. आणि असा तिसरा ईमेल पाठवायच्या आधी मी साहेबांना लिहिते, "आज हिशेब विभागाला जरा सरकारी भाषेत एक मेल जाईल. तुम्ही सीसीत आहात. तुमच्यावर नाही." बहुतेक वेळा ते लिहितात, "पाठवा ताई, मलाही बरंच आहे."

ज्या साहेबांचा स्क्रीनशॉट मी पाठवला होता, त्यांची दोन वर्षांनी बदली झाली. मी त्यांना फोन करून माफी मागितली होती, पण बरीच उशिरा, बदलीच्या आठवड्यात. ते म्हणाले, चूक मेसेजची नव्हती, पाच जणांसमोर झाली त्याची होती. मी आधी फोन केला असता तर त्यांनी स्वतःच खरेदी विभागाला दुरुस्तीचा ईमेल केला असता. दोन दिवसांचं काम होतं. मला सात आठवडे लागले.

आमच्या शेडमध्ये आता मिलिंगजवळ एक फळी आहे. बदललेल्या मापाला होकार देणारा ईमेल आला की मी त्याची छापील प्रत तिथे लावते. मेसेजचा फोटो तिथे लावत नाही. फळीवर कागद लागल्याशिवाय भाऊ शाफ्टचं टोक कापू देत नाहीत, साहेबांनी रात्री कितीही वेळा ताई म्हटलं तरी.